जुने केलेले पट्टे

"हे बूट माझ्या मापाचे आणलेत की हत्तीच्या, वहिनी?"

पत्र्याच्या खोलीत सिमेंटच्या गोण्यांवर बसून जाहिरातीचा हिरो कुरकुरत होता. वहिनी त्याच्या पायाशी उकिडवी बसून बुटाची नाडी आवळत होती. बूट खरे होते, पुढे आत पोलादी वाटी असलेले, आणि खऱ्या बुटांसारखेच जड होते.

"हत्तीला बूट लागत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तर मागच्या वेळी त्याला घेतलं होतं."

खोलीतले सगळे हसले, पण थकलेलं हसू. मागच्या जाहिरातीत या सळईच्या कंपनीने खरंच हत्ती आणला होता. सळयांच्या पुलावर उभा हत्ती, वर मिशीला पीळ देणारा पहिलवान, आणि मागे कोणीतरी गडगडाटी आवाजात 'ताकद' म्हणतंय. लोकांनी हत्ती लक्षात ठेवला, सळईचं नाव विसरले. आता कंपनीत नव्या बाई आल्या होत्या. त्यांना हत्ती नको होता, पहिलवान नको होता, ठिणग्यांचा पाऊससुद्धा नको होता. त्यांना खरं हवं होतं. खरी इमारत, खरं काम, कामगारांच्या अंगावर जे असायला हवं ते सगळं, आणि सळईची जी खरी ताकद आहे तेवढीच. सकाळपासून 'खरं' हा शब्द इतक्यांदा उच्चारला गेला होता की तो आता वहिनीच्या दातांत सिमेंटसारखाच खरखरत होता.

तिला सगळे वहिनी म्हणत, कारण दिग्दर्शक तिला वहिनी म्हणायचा, आणि तो म्हणायचा कारण ती त्याची वहिनी होती. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शाळेत जात होता. डबा विसरायचा, आणि ती त्याच्यामागे रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत धावायची. नवरा गेल्यावर 'घरी बसून काय करणार, माझ्याकडे कपडे बघा' असं म्हणून त्याने तिला कामाला लावलं. शिवण तिची तिने शिकलेली, आणि जुनं करणंही तिनेच शोधून काढलेलं. नवा सदरा जुना दिसायला हवा असेल तर कॉलर दगडावर घासायची, कोपरं चहात बुडवायची, खिशात खडे भरून धुवायचं. त्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक म्हणायचे, वहिनींकडे चोळी द्या, त्या तिला आजीची करून देतील.

सध्या भाऊजीचे दिवस बरे नव्हते. मागची दोन कामं हातातून गेली होती. एक दुसऱ्याने नेलं, एक कंपनीनेच गुंडाळलं. या जाहिरातीवर त्याची सगळी मदार होती, आणि हे त्याने कोणाला सांगितलं नसलं तरी तो ज्या पद्धतीने सकाळपासून नुसत्या चहावर होता त्यावरून वहिनीला कळत होतं. जेवण तिने दोनदा वाढून पाठवलं. दोनदा तसंच परत आलं.

बेल्टांची गोष्ट अशी झाली.

उंचावर काम करताना अंगावर घालतात ते बेल्ट, म्हणजे खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवतून जाणारे पट्टे, पाठीवर कडी, कडीला दुहेरी दोर आणि त्याच्या दोन टोकांना हूक, हे आदल्या दिवशी कोरे करकरीत पेटीतून आले होते. हेल्मेटही तशीच. साइटच्या सेफ्टीवाल्याने एकेक उलटंसुलटं करून पाहिलं, शिवणी तपासल्या, पट्टा हातात उलटा वाकवून त्याचा धागा न् धागा पाहिला आणि म्हणाला, "उत्तम माल आहे." मग कंपनीच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "छान आहे, पण हे सगळं दुकानातल्या पुतळ्यावर घातल्यासारखं दिसतंय. रोज वापरणाऱ्याचं वाटत नाही."

भाऊजीने वहिनीकडे पाहिलं. एवढंच.

त्या संध्याकाळी वहिनीने हेल्मेटांची चकाकी थिनरच्या बोळ्याने उतरवली आणि वर मातकट रंगाचा हात फिरवला. पट्टे तिने तारेच्या ब्रशने घासले. खांद्यावर, मांडीवर, जिथे जिथे माणसाचं अंग घासतं तिथे तिथे, अगदी विचार करून. कडेचे धागे सुटून बारीक लव आली, केशरी रंग विटकरी झाला. काम झाल्यावर तिने एक बेल्ट खुंटीला टांगला आणि लांब जाऊन पाहिला. कोणीतरी चार पावसाळे घातलेला दिसत होता. ती खूश झाली होती. खोटं कशाला बोला.

तेव्हा सगळं शूट खालच्या गच्चीवर होणार होतं. वाहनतळाचं छप्पर ते, बाहेरच्या अंगाला मातीचा ढीग. तिथून कोणी पडलं असतं तर फार तर विजार मळली असती. कॅमेरा जमिनीला टेकवून मागे नुसतं आभाळ घ्यायचं, म्हणजे बघणाऱ्याला दहाव्या मजल्यावर असल्यासारखं वाटतं, असं ठरलं होतं.

सकाळी सेफ्टीवाल्याने हिरोच्या अंगावरचा बेल्ट पाहिला आणि तो थबकला. "हा कालचाच का?"

"दिसायला थोडा जुना केलाय," भाऊजी घाईत म्हणाला. "शूट खालीच आहे."

"खाली असेल तर ठीक," तो म्हणाला. "वर चालणार नाही हां."

"वर कोण जातंय!"

वहिनी तिथेच होती. हातात सुईदोरा होता.

सेफ्टीवाल्याला युनिटने दुपार व्हायच्या आत नाव ठेवलं होतं. थांबासाहेब. सळयांची उभी टोकं फ्रेममध्ये छान दिसावीत म्हणून कोणीतरी त्यांच्यावरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढून ठेवल्या, तेव्हा तो पहिल्यांदा "थांबा" म्हणाला. पडलं कोणी तर ही टोकं पोटात जातात, म्हणाला, आणि स्वतः वाकून एकेक टोपी परत बसवली. सळई कापायच्या यंत्राशी उभ्या असलेल्याने डोळे दिसावेत म्हणून गॉगल कपाळावर चढवला, तेव्हा दुसऱ्यांदा. हिरोने हनुवटीचा पट्टा सोडून ठेवला, तेव्हा तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी सगळे हातातलं टाकून त्याच्याकडे बघायचे, कोणीतरी सुस्कारा टाकायचं. तिसऱ्या वेळी लाइटवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही बायकोलाही असंच थांबवता का?" सेफ्टीवाला हसला नाही आणि रागावलाही नाही. खिशातून रुमाल काढून त्याने मान पुसली. त्या मान पुसण्यात वहिनीला स्वतःच्या घरातलं काहीतरी ओळखीचं वाटलं. रोज तेच तेच सांगणाऱ्या माणसाचा तो शीण होता.

जेवणाच्या आधी एक शॉट मात्र झकास झाला. साइटवर सळया बांधणारा फिटर होता, काळासावळा, चाळिशीचा, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याने वाकवायच्या यंत्रावर एक सळई लावली. यंत्राचा रूळ फिरला तशी ती सावकाश वळत गेली, वळत वळत पार केसांच्या आकड्यासारखी दुहेरी झाली. फिटरने हातमोजे घातलेल्या हाताने ती कॅमेऱ्यासमोर धरली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथे एक चीर नव्हती. आवाज नाही, ठिणगी नाही. कंपनीच्या बाई टाळ्या वाजवता वाजवता राहिल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "वाकते, पण तडकत नाही. एवढंच खरं आहे, एवढंच दाखवायचं."

"माझंही तेच," मेकअपवाला कमरेवर हात ठेवून पुटपुटला. "पण माझी कोणी जाहिरात करत नाही."

दुपारनंतर खालच्या गच्चीवरचा शेवटचा शॉट लागला. हिरो कडेला उभा राहून कॉलमच्या उभ्या सळयांना रिंगा बांधतोय, वळतो, आणि घाम पुसून दूर पाहतो. फिटरने त्याला बांधायची आकडी कशी फिरवायची ते सकाळपासून शिकवलं होतं, आणि हिरो आता तार बऱ्यापैकी पिळायचा. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर मागच्या इमारतीतल्या बाईने नेमकी तेव्हाच चादर वाळत घातली होती. कॅमेरा इकडे सरकवला तर पाण्याची टाकी. तिकडे सरकवला तर झाड, आणि झाडाचा शेंडा नेमका हिरोच्या डोक्याशी.

कंपनीच्या बाई पडद्याकडे बघत राहिल्या. "उंची वाटत नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. "आपण खरं दाखवतोय ना?"

भाऊजीने वर पाहिलं. वर, सगळ्यात वरच्या स्लॅबवर, कॉलमच्या सळया आभाळात उभ्या होत्या आणि ऊन त्यांच्यावर तिरकं पडलं होतं. "वर जाऊ," तो म्हणाला.

लिफ्ट सामानाची होती, माणसांना बंदी. सगळे जिन्याने निघाले. जिन्याला अजून फरशी नव्हती, भिंतींना गिलावा नव्हता, आणि प्रत्येक वळणावर ओल्या सिमेंटचा थंड वास. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून चढत होती. मध्येच एका मजल्यावर ती थांबली. पुढे भाऊजी होता, त्याच्या पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. तिला म्हणायचं होतं, 'भाऊजी, ते पट्टे.' ती म्हणाली, "भाऊजी, पाणी घ्या."

"वर गेल्यावर," तो मागे न बघता म्हणाला.

वर वारा होता. स्लॅबच्या कडेने लोखंडी पाइपांचं कुंपण होतं, आणि कॉलमांच्या मधून डोक्याच्या वर एक जाड पोलादी दोर ताणलेला, हूक अडकवायला. हिरो कुंपणापर्यंत गेला, त्याने खाली पाहिलं, आणि जिथे होता तिथेच हळूच बसला.

"नाही जमणार," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला. "मला शिव्या द्या. पण नाही जमणार. आईला मी एकटाच आहे."

कोणी शिव्या दिल्या नाहीत. कोणाच्यातच तेवढी ताकद उरली नव्हती. ऊन मात्र उतरत होतं.

"मी उभा राहतो," फिटर म्हणाला. "पाठमोरा घेतला तर चालेल ना? पाठ माझी चांगली आहे. बायको म्हणते तोंडापेक्षा पाठच बरी."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. भाऊजीने त्याला जवळजवळ मिठीच मारली.

"माझाच बेल्ट घालतो," फिटर म्हणाला. "अंगासरसा बसतो तो."

"नको," पडद्याजवळची मुलगी म्हणाली. कोणत्या शॉटमध्ये कोणाच्या अंगावर काय होतं ते जुळतंय की नाही, हे बघायचं तिचं काम. "दादांचा पिवळा आहे. सकाळपासून सगळीकडे हा विटका दिसलाय. जुळणार नाही. जुळवायचं तर सगळंच परत करावं लागेल."

सगळंच परत. म्हणजे सकाळपासूनचं. आणि ही जागा उद्या मिळणार नव्हती, उद्या इथे काँक्रीट पडायचं होतं. भाऊजीने डोळे मिटले आणि उघडले. मग वहिनीकडे पाहिलं, आदल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. एवढंच.

तेव्हा वहिनीने हिरोच्या अंगावरचा बेल्ट उतरवला. तिची बोटं हे काम झोपेतही करतील अशी सवयीची होती. एक बकल, दुसरं बकल. तिने तो फिटरच्या खांद्यांवर चढवला, पाठीवरची कडी खांद्यांच्या पात्यांमध्ये बरोबर आणली, छातीचा पट्टा जोडला. मग मांडीचे पट्टे. तळहात सपाट करून आत घालून पाहिला, जाईल एवढीच जागा ठेवली. सगळं अगदी नीट, नियमाप्रमाणे. पट्ट्यावरची लव तिच्या बोटांना मांजरासारखी मऊ लागत होती.

फिटरने खांद्यावरून अंगठा फिरवला. "कोणी वापरलेलाय का हो, वहिनी?"

"नाही," ती म्हणाली. "नवा आहे."

"मग बरं," तो म्हणाला आणि पुन्हा गुणगुणायला लागला. "कधी दिसेल हे? पोरीला सांगितलंय मी. ती म्हणते, बाबा, तुम्ही दिसणार नाही, तुमची सळई दिसेल. म्हटलं बघू."

वहिनीने त्याला हेल्मेट दिलं. हनुवटीचा पट्टा स्वतः लावला. हेल्मेटला अजून थिनरचा पुसट वास होता. त्याने नाक मुरडलं, आणि तिला वाटलं, आता विचारेल. त्याने विचारलं नाही.

"कुंपणाचा हा एक पाइप मध्ये येतोय," भाऊजी सेफ्टीवाल्याला म्हणाला. "एवढ्याच भागाचा काढता येईल? दोन मिनिटं."

सेफ्टीवाल्याने पाइप हाताने हलवून पाहिला. "पाइप काढला की मग नुसता बेल्ट उरतो," तो म्हणाला. "माणसाच्या आणि खालच्या मध्ये."

"बेल्ट आहे ना."

"हो. आहे."

तो फिटरजवळ गेला. पाठीवरची कडी ओढून पाहिली. दोराचे दोन्ही हूक वरच्या पोलादी दोरात अडकवून घेतले, झटका देऊन बंद झाल्याची खात्री केली. मग त्याचं बोट खांद्याच्या पट्ट्यावरून खाली उतरलं आणि लव होती तिथे थांबलं. त्याने पट्टा किंचित उलटा वाकवला. सुटलेले धागे उन्हात उभे राहिले, बारीक, सोनेरी.

त्याने मान वर केली आणि सरळ वहिनीकडे पाहिलं.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. आता म्हणेल, तिला वाटलं. आता थांबा म्हणेल आणि आपण सुटू. तिने मनातल्या मनात त्याला अक्षरशः विनवलं. आदल्या दिवशी, हेच बेल्ट कोरे असताना, त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. घसरलेला माणूस त्याच्या वजनाएवढा राहत नाही, खाली जाताना दोर ताणला की झटका कैक पटीने बसतो. म्हणून पट्ट्यावर एक काप दिसला, धागे सुटलेले दिसले, तर तो शिवायचा नाही, जपायचा नाही, फेकायचा. आणि हेल्मेटला रंग किंवा थिनर लावायचा नाही, प्लास्टिक आतून ठिसूळ होतं. तेव्हा वहिनी चहा पीत ऐकत होती. तिला ते आवडलंही होतं, इतकं सोपं करून सांगितलं म्हणून. आणि त्याच संध्याकाळी तिने ब्रश हातात घेतला होता, कारण शूट खाली होतं.

सेफ्टीवाल्याने तोंड उघडलं. मागून लाइटवाल्याचा सुस्कारा ऐकू आला, अजून काही झालं नव्हतं तरी, अगदी आधीच टाकलेला. कोणीतरी हसलं. "आता थांबा म्हणतील बघ."

सेफ्टीवाल्याने रुमाल काढला. मान पुसली. "हूक डोक्याच्या वरच ठेवा," तो फिटरला म्हणाला, अगदी हळू. "वाकू नका फार." आणि तो पाना घेऊन पाइपाच्या क्लॅम्पशी बसला.

कंपनीच्या बाई पडद्यावर वाकल्या होत्या. आता उंची छान वाटत होती. खाली शहर धुरकट पसरलेलं, मागे सगळं आभाळ, आणि मध्ये एका माणसाची पाठ, घामेजलेली, विटक्या पट्ट्यांत आवळलेली. "खरं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मनापासूनचा होता. त्यांची चूक होती असं वहिनीला म्हणता येईना. त्यांनी फक्त जुनं दिसायला सांगितलं होतं. भाऊजीने फक्त पाहिलं होतं. सेफ्टीवाल्याने खाली असेल तर ठीक म्हटलं होतं. हिरोला फक्त आई होती. सगळ्यांनी आपापलं थोडं थोडं केलं होतं, आणि ते सगळं मिळून त्या माणसाच्या खांद्यावर होतं.

क्लॅम्प करकरला. एक नट निघाला.

फिटर आकडी हातात घेऊन कॉलमशी गेला. तार दुहेरी केली, सळई आणि रिंगेभोवती घातली, आकडी फिरवली, गाठ घट्ट. रोजचंच काम. त्याने मागे बघून विचारलं, "अजून कडेला होऊ का, साहेब?"

"थोडं," भाऊजी म्हणाला. त्याच्या आवाजात इतक्या दिवसांनी काहीतरी उमललं होतं. शाळेतून बक्षीस घेऊन आला होता तेव्हाचा तो आवाज, दारातूनच 'वहिनी' म्हणून हाक मारणारा. "अजून थोडं, दादा. बस्स. काय सुंदर दिसतंय, वहिनी, बघा तर!"

वहिनी पडद्याजवळ गेली नाही. तिची नजर पान्यावर होती. दुसरा नट अर्धा फिरला होता, आणि सेफ्टीवाल्याचा हात त्यावर थबकला होता, फिरतही नव्हता, निघतही नव्हता. तो खाली मान घालून बसला होता, कोणीतरी हाक मारेल म्हणून वाट बघत बसलेल्या माणसासारखा.

तिचे गुडघे दुखत होते. तिला खूप बसावंसं वाटत होतं.

"थांबा," वहिनी म्हणाली.

लाइटवाल्याने सवयीने सेफ्टीवाल्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी तिच्याकडे.

"काय झालं?" भाऊजी म्हणाला. "वहिनी, ऊन जातंय."

"जाऊ दे." ती फिटरकडे चालत गेली आणि तिने त्याच्या दंडाला धरून त्याला कडेवरून आत, स्लॅबच्या मध्यावर आणलं. तो बुचकळ्यात पडून आला. मग ती भाऊजीकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू गेला.

"हे पट्टे मी तारेच्या ब्रशने घासलेत, भाऊजी. हेल्मेट थिनरने पुसलंय. तुम्हाला माहीत आहे, या सेफ्टीवाल्या साहेबांना माहीत आहे, बाईंनाही माहीत आहे. फक्त याला माहीत नव्हतं. हा पडला तर यातलं काहीही याला धरणार नाही."